आमची ताटं धरू नकोस

लग्नपत्रिकेत प्रत्येक गोष्टीचा मजकूर ठरलेला असतो. वर कुलदैवतांची नावं, मग ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’, मुहूर्ताची वेळ आणि सगळ्यात खाली ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!’ म्हणणारी चिल्लीपिल्ली. ज्याला लग्नाला जाता येणार नाही, त्याच्यासाठी मात्र असं तयार वाक्य नाही. सख्ख्या नात्यात खरं काय ते सांगून मोकळं होता येतं. लांबच्या नात्यात आपण ‘बघतो, जमवतो’ म्हणून वेळ मारून नेतो.

लग्नघरी या ‘बघतो’चा हिशेब होतो. तिथे कुणीतरी वही घेऊन घरागणिक माणसं मोजत असतं. आदल्या रात्री मुक्कामाला किती, सीमांतपूजनाला किती, दुपारी जेवायला किती. केटररला ताटांचा आकडा आधी द्यावा लागतो आणि माणसं कमी आली तरी पैसे बहुधा त्याच आकड्याचे जातात. चौघांच्या घरानं ‘बघतो’ म्हटलं की वहीत चार ताटं लागतात. स्पष्ट ‘नाही’ वेळेवर कळलं, तर यजमानांची तेवढी सोय होते.

समजा, ठाण्यातल्या एका घरी मिरजेच्या चुलत आत्याकडून पत्रिका आली. आत्याच्या मुलीचं लग्न आहे आणि नेमकं त्याच आठवड्यात सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. भाचीनं लिहावं ते साधारण असं:

‘आत्या, सा. न. चिऊची पत्रिका मिळाली. बाबांनी ती दोनदा वाचली आणि मग चष्मा पुसत बसले. मे महिन्यात आम्ही तुझ्याकडे राहायला यायचो तेव्हा चिऊ पाळण्यात होती, तिचं लग्न! त्याच आठवड्यात आईंच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय, त्यामुळे आम्हा चौघांनाही येता येणार नाही. आमची ताटं धरू नकोस. लग्नानंतर दोघं मुंबईकडे येतील तेव्हा आमच्याकडे जेवायला यायचंच, दिवस मी चिऊशी बोलून ठरवते. बाबा तुला रविवारी फोन करतायत. चिऊला खूप खूप शुभेच्छा.’

यात कारणाला एकच वाक्य दिलंय, ते मुद्दाम. डॉक्टर कोण, तारीख का बदलता येत नाही, हे सुरू झालं की कैफियत वाटू लागते. पाळण्याची आठवण मात्र फक्त याच दोन घरांची आहे, म्हणून निरोप सगळ्यांना पाठवल्यासारखा वाटत नाही. शेवटी ‘तरी जमलं तर येऊच’ हे शेपूट जोडायचा मोह होतो. ते जोडलं की वहीतली चार ताटं पुन्हा जागच्या जागी. आत्याला एरवी ‘तुम्ही’ म्हणत असाल, तर इथेही ‘तुम्ही’च, जवळीक दाखवायला एकदम ‘तू’वर आलं की खटकतं.

बाबांच्या फोनचा उल्लेख शोभेपुरता नाही. निमंत्रण थोरल्यांनी थोरल्यांना दिलेलं असतं. नुसता भाचीचा मेसेज आला तर ‘दादानं साधा फोनसुद्धा केला नाही’ हे पुढच्या दोन-तीन लग्नांत ऐकायला मिळतं. हा निरोप नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नये. एकानं नाही म्हटलं की पाठोपाठ ‘आमचंही अवघड दिसतंय’ सुरू होतं आणि आत्याला ते सगळ्यांदेखत वाचावं लागतं. ग्रुपवर अभिनंदन पुरे.

खरं कारण सांगण्याजोगं नसेल, म्हणजे रजा नाही, खर्च झेपत नाही किंवा सरळ जायचं मनात नाही, तर ‘त्या दिवशी येणं जमणार नाही’ एवढंच लिहावं. खोटं आजारपण रचलं आणि मुहूर्ताच्या दिवशी महाबळेश्वरचे फोटो स्टेटसला लागले, तर ते आत्याला दाखवणारं कुणीतरी मांडवात असतंच. घरात कुणी गेलं असेल, तर ते लग्नघरी लिहून कळवू नये. वडीलधाऱ्यानं तिथल्या एखाद्या जाणत्या माणसाला फोनवर सांगावं.

न जाण्याची भरपाई करायची असेल, तर केळवणासारखं दुसरं काही नाही, असं माझं मत. नवरी खरेदीला तुमच्या गावी येणार असेल तर तिला आणि तिच्या आईवडिलांना जेवायला बोलवावं, ओटी भरावी, भेट तेव्हाच द्यावी. ते शक्य नसेल तर आहेर पाठवावा. पण पत्रिकेत ‘कृपया आहेर आणू नये’ असेल तर नाही, आणि नकाराच्या मेसेजपाठोपाठ मोबाइलवरून पाचशे एक रुपये तर मुळीच नाही. पैसे देऊन सुटका करून घेतल्यासारखं दिसतं. लग्नाला जाणाऱ्या कुणाच्या हाती नाव घातलेलं पाकीट द्यावं. आहेराच्या वहीत त्याची नोंद होते आणि तुमच्या घरच्या कार्यात ते परतही येतं.

मुहूर्ताच्या वेळी फोन करू नये, कुणी उचलत नाही. लग्नानंतरची सत्यनारायणाची पूजा उरकली की करावा. तोवर आत्या मोकळी झालेली असते आणि कोण आलं, कोण रुसलं, मठ्ठा कसा कमी पडला, हे सगळं तिला अशा माणसाला सांगायचं असतं, ज्यानं ते पाहिलेलं नाही.