फराळ उशिरा पोहोचणार असेल तर गिऱ्हाईकाला काय लिहावे?

आज आपण एका छोट्या निरोपाबद्दल बोलणार आहोत. गेल्या दिवाळीत आमच्या गटाने मोबाईलवरून ऑर्डर घेऊन चौसष्ट फराळाचे डबे कुरिअरने पाठवले. एका डब्याची किंमत कुरिअरसह ८५० रुपये. वसुबारसेला, म्हणजे १७ तारखेला डबे पोहोचतील असे आम्ही सांगितले होते. पण १५ तारखेला कळले, की तेवीस डबे शहरातल्या गोदामातच अडकले आहेत.

घाईत आम्ही सगळ्यांना एकच ओळ पाठवली : "थोडा उशीर होत आहे, लवकरात लवकर डबा मिळेल, काळजी नसावी." झाले उलटेच. संध्याकाळपर्यंत फोन थांबेनात. "लवकर म्हणजे कधी?" हाच प्रत्येकीचा प्रश्न. ज्यांचे डबे वेळेवर जाणार होते त्याही घाबरल्या.

रात्री आम्ही बैठक घेतली आणि लिहिण्याआधी तीन कामे केली. पहिले, वहीतून अडकलेल्या तेवीस जणींचीच यादी काढली. दुसरे, कुरिअरवाल्याला नेमकी तारीख विचारली. तो १८ म्हणाला. आम्ही दोन दिवस वाढवून २० धरली, कारण दुसऱ्यांदा तारीख चुकली की मग कोणी विश्वास ठेवत नाही. तिसरे, पैशांचा हिशोब केला. तेवीस जणींनी पैसे परत मागितले तर १९,५५० रुपये लागतील, तेवढे गटाच्या खात्यात आहेत का हे पाहिले. जे देता येणार नाही ते निरोपात लिहायचे नाही.

मग प्रत्येकीला तिच्या नावाने हा निरोप पाठवला :

"नमस्कार ताई. तुमचा फराळाचा डबा १७ तारखेला पोहोचेल असे आम्ही सांगितले होते, तो वेळेवर पोहोचणार नाही. त्याबद्दल माफ करा. डबा कुरिअरच्या गोदामात आहे आणि सोमवार, २० तारखेपर्यंत तुमच्याकडे येईल. फराळ ११ तारखेला केलेला आहे. करंजीत सुके खोबरे आहे. बंद डब्यात सगळे २६ तारखेपर्यंत चांगले राहील. थांबणार असाल तर १ लिहून पाठवा. डबा नको असेल तर २ लिहा, पूर्ण ८५० रुपये दोन दिवसांत परत करू. पैसे परत घेण्यासाठी तुम्हाला पिन किंवा ओटीपी द्यावा लागत नाही, आम्ही तो मागणारही नाही. शनिवारी संध्याकाळी पुन्हा कळवू."

यातली माफी एकाच वाक्यात आहे. कुरिअरला दोष दिलेला नाही, कारण ताईंनी पैसे आपल्याला दिले, कुरिअर आपण निवडले. तळण कधीचे हे लिहिले, कारण खाण्याची वस्तू उशिरा आली की पहिली शंका शिळेपणाची येते. पैसे परत की डबा, हे ठरवणे ताईंवर सोडले. नरक चतुर्दशीच्या सकाळी ज्यांना फराळ हवाच, त्यांना बाजारातून आणायला वेळ मिळाला. "पुढच्या खरेदीत सूट" मात्र देऊ केली नाही. हातात डबा नसताना पुढच्या खरेदीचे बोलणे टोचते. पिनचे वाक्य यासाठी, की "पैसे परत देतो" म्हणून फसवणारे पुष्कळ असतात.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्टने पाठवलेला निरोप ज्यांनी आपला नंबर जतन केला आहे त्यांनाच मिळतो. म्हणून आम्ही एकेकीला वेगळा पाठवला आणि ज्यांच्याकडे दोन निळ्या खुणा दिसल्या नाहीत त्यांना फोन केला.

चौघींनी २ लिहिले. त्यांचे ३,४०० रुपये दुसऱ्याच दिवशी परत केले आणि पैसे पाठवल्याचा फोटोही धाडला. शनिवारी नवे काही कळले नव्हते, तरी "डबे अजून गोदामातच आहेत, तारीख २०च" एवढे कळवले. उरलेल्या एकोणीसपैकी सतरा डबे २० तारखेपर्यंत पोहोचले. दोन पाडव्याला मिळाले, पण त्या दोघींना आदल्या दिवशीच आमचा फोन गेला होता. त्यातल्या एका ताईंनी भाऊबीजेनंतर फोन केला, चकलीत मीठ कमी आहे म्हणून सांगितले आणि होळीसाठी पुरणपोळ्या मिळतील का, असे विचारले.

यंदा आमच्या वहीत प्रत्येक ऑर्डरपुढे कुरिअरचा नंबर आणि सांगितलेली तारीख असे दोन नवे रकाने आहेत.