माणशी, किलोमीटरमागे

बोरिवलीहून चर्चगेटला निघालेली बारा डब्यांची स्लो लोकल ३४ किलोमीटरांच्या वाटेत एकवीस वेळा उभ्या जागेवरून वेग घेते आणि एकवीस वेळा तो वेग संपवून थांबते. पोलादी चाक पोलादी रुळावरून जवळजवळ विनासायास घरंगळतं, म्हणून रेल्वेला ऊर्जा कमी लागते, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. लांब पल्ल्याच्या गाडीला ते पुरेपूर लागू पडतं. लोकलचा मोठा खर्च मात्र घरंगळण्यात होत नाही, तो या एकवीस सुरुवातींमध्ये होतो.

हिशेब साधा आहे. रिकाम्या रेकचं वजन साधारण ४८० टन धरू, आणि आत दोन हजार माणसं, म्हणजे आणखी १२० टन. एवढं ओझं ताशी ६५ किलोमीटरच्या वेगाला न्यायचं, तर चाकं आणि मोटर फिरवण्याचा वाटा धरून सुमारे ३० युनिट वीज लागते. एखादं लहान कुटुंब आठवडाभर जेवढी वीज वापरतं, तेवढी एका स्थानकातून सुटताना खर्च होते, आणि दीड-दोन किलोमीटरवर पुढचं स्थानक तयारच असतं. एकवीस सुरुवाती, हवेचा व रुळांचा विरोध, मोटर-ट्रान्सफॉर्मरमधली गळती, दिवे-पंखे असं सगळं मिळून या एका फेरीला अंदाजे ९५० ते १००० युनिट लागतात.

त्यातली किती परत मिळते, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. मुंबईची लोकल दीर्घकाळ १५०० व्होल्टच्या डीसी विजेवर चालली. जुन्या रेकमध्ये गाडी सुटताना मोटरकडे जाणारा प्रवाह रोधकांनी आवरला जाई, म्हणजे वीज तिथे तापण्यातच जाई. थांबताना ब्रेक चाकांवर घासत आणि उरलेली ऊर्जाही उष्णता होऊन उडून जाई. २००७ पासून आलेल्या थ्री-फेज मोटरच्या गाड्यांनी हे चित्र बदललं. मोटरमन ब्रेक लावतो तेव्हा याच मोटर जनित्र बनतात आणि वीज ओव्हरहेड तारेत परत सोडतात. जवळपास दुसरी लोकल सुटत असेल तर ती वीज तिला मिळते. २०१२ मध्ये पश्चिम आणि २०१६ पर्यंत मध्य व हार्बर मार्गही २५ हजार व्होल्टच्या एसी विजेवर आले. या पद्धतीत घेणारी गाडी शेजारी नसली तरी वीज सबस्टेशनमार्गे मागे जाऊ शकते. अशा रीतीने साधारण एक तृतीयांश वीज वाचते. आपल्या फेरीचा निव्वळ खर्च म्हणून ६५० युनिट धरू.

आता भागाकार. ६५० युनिट, ३४ किलोमीटर आणि गाडीत सरासरी दोन हजार माणसं. उत्तर येतं माणशी, किलोमीटरमागे सुमारे १० वॉट-तास. एक युनिट म्हणजे हजार वॉट-तास, हे लक्षात असू द्या.

हा आकडा थेट मोटारगाडीच्या आकड्याशेजारी ठेवणं मात्र अप्रामाणिकपणाचं होईल. गाडीचं इंजिन पेट्रोल स्वतः जाळतं आणि त्यातली बरीच उष्णता वाया घालवतं. लोकलसाठी जळणारा कोळसा दूर कुठल्यातरी वीजकेंद्रात जळतो, आणि वाया जाणारी उष्णता तिथेच राहते. कोळशातल्या तीन भाग ऊर्जेतून तारेत जेमतेम एक भाग पोचतो. म्हणून सगळी वीज कोळशाची धरून लोकलच्या आकड्याला तीनने गुणू. झाले ३० वॉट-तास.

डिझेलची मोठी बस शहरातल्या रहदारीत लिटरला साडेतीन किलोमीटर जाते असं धरू. लिटरभर डिझेलमध्ये सुमारे दहा हजार वॉट-तास ऊर्जा असते. बसमध्ये सरासरी तीस प्रवासी असले, तर माणशी ९५ च्या आसपास. पेट्रोलची गाडी लिटरला बारा किलोमीटर गेली, तर प्रत्येक किलोमीटरला ७५० वॉट-तास जळतात. आत सरासरी दीड माणूस धरला, तर माणशी ५००. चौघांनी मिळून प्रवास केला तर हाच आकडा १९० वर येतो. टॅक्सीचा चालक प्रवासी नसतो, तो कुठे जायचं म्हणून निघालेला नाही. त्यामुळे भाड्याच्या गाडीत एकटा बसलेला माणूस पूर्ण ७५० चा धनी, आणि भाडं शोधत रिकामी फिरलेली किलोमीटरं वेगळीच.

भागाकारातला खालचा आकडा हलला की सगळं हलतं. पाच जणांना घेऊन धावणारी बस माणशी ५७० पर्यंत जाते, म्हणजे दीड माणसाच्या मोटारीपेक्षाही वाईट. रात्री उशिराची लोकल दोनशे माणसं घेऊन धावली तर तिचा आकडा ३० वरून २४० च्या घरात जातो. वजन थोडं कमी होतं, पण ४८० टनांचा रेक तर ओढावाच लागतो. म्हणून केवळ गर्दीच्या वेळेची आकडेवारी दाखवून कोणी लोकलचं कौतुक केलं, तर दुपारच्या आणि उलट दिशेच्या गाड्याही मोजल्यात का, हे विचारायला हवं.

आणि इथेच मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट येते. मुंबईची लोकल इतकी काटकसरी आहे ती तिच्यात माणसं कोंबली जातात म्हणून, असा एक समज आहे. तपासून पाहू. दोन हजारांऐवजी साडेचार हजार माणसं चढली, जी गर्दीच्या वेळी चढतात, तर कोळशापर्यंतचा हिशेब ३० वरून सुमारे १६ वर येतो. दाराला लटकणं, छातीवर दाब, पडून होणारे मृत्यू, या सगळ्याच्या बदल्यात वाचले माणशी १४ वॉट-तास. मोटारीत एकटा जाणारा एक माणूस लोकलमध्ये आला तर किलोमीटरमागे ७०० हून अधिक वाचतात. म्हणजे ऊर्जेच्या नावाखाली त्या गर्दीचं समर्थन होऊच शकत नाही. गाड्या दुप्पट करून प्रत्येकीत निम्मी माणसं नेली, तरी लोकल बसच्या आणि मोटारीच्या खूपच खाली राहते. जास्त गाड्या सोडायला अडचण येते ती रुळांची, सिग्नलची, फलाटांची आणि पैशांची. विजेची अडचण त्यात फार मागे आहे.

विजेवरच्या बसचा आकडा काहींना निराश करेल. ती किलोमीटरला सव्वा युनिटच्या आसपास खाते, आणि कोळशापर्यंत मागे गेलं की डिझेलच्या बसपेक्षा खर्च कमी होतोच असं नाही. रस्त्यावरचा धूर जातो, हा तिचा आजचा फायदा. सौर आणि पवनऊर्जेचा वाटा वाढेल तसा ऊर्जेचा फायदाही दिसू लागेल, आणि तो लोकललाही तितकाच मिळेल.

शेवटचा हिशेब घरापासून स्थानकापर्यंतचा, जो या तुलनांमध्ये बहुधा सुटतो. बोरिवलीत स्थानकापासून तीन किलोमीटरवर राहणारी एक बाई रोज एकटी रिक्षाने येते असं समजा. सीएनजीवरची रिक्षा किलोला तेहतीसएक किलोमीटर जाते, म्हणजे किलोमीटरला सुमारे ४०० वॉट-तास. तीन किलोमीटरांचे झाले १२००. पुढे चर्चगेटपर्यंतच्या ३४ किलोमीटरांना तिच्या वाट्याला येतात सुमारे १०२०. रिक्षाचे तीन किलोमीटर लोकलच्या अख्ख्या प्रवासाला मागे टाकतात. तिघींनी मिळून शेअर रिक्षा केली तर १२०० चे ४०० होतात, आणि बऱ्यापैकी भरलेली बस मिळाली तर तीनशेच्या आत.