साखरेची उचल मंदावली तर काय बदलावे?



गाळप किती झाले, उतारा किती पडला, याची चौकशी आपण सारेच करतो. गोदामातून पोती किती गेली, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही. उसाचे बिल निघते ते विकल्या गेलेल्या साखरेवर!

विक्री थांबण्याआधी खुणा दिसतात. निविदेला येणारे व्यापारी कमी होतात. सौदा केलेला माल मुदतीत उचलला जात नाही. केंद्राने ठरवून दिलेला महिन्याचा विक्री कोटा पुरा होत नाही. एखाद्या महिन्याने घाबरू नये, पण ओळीने तीन महिने असेच घडले तर विचाराला बसावे.

थांबण्याचीही किंमत असते. समजा, क्विंटलला ३१०० रुपये भाव आणि मालतारण कर्जाचे व्याज दहा टक्के. मग दर क्विंटलामागे महिन्याला सुमारे २६ रुपये व्याज चढते. पन्नास रुपये जादा भाव मिळेल म्हणून दोन महिने थांबलो, तर हाती शून्य!

मग बदलायचे काय? भाव, गिऱ्हाईक की माल? आधी दुखणे ओळखावे. शेजारच्या कारखान्याची साखर त्याच भावाने उचलली जात असेल, तर आपला दाणा, रंग किंवा ओलावा तपासावा. जवळची उचल चालू आणि लांबची बंद असेल, तर वाहतूक आड येते. सगळ्यांचीच बंद असेल, तर साखरच जास्त झाली आहे.

महाराष्ट्राने हे अनुभवले आहे. जून २०१८ मध्ये कारखान्यावरचा किमान विक्री भाव किलोला २९ रुपये ठरला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये तो ३१ झाला. भाव पडायचा थांबला, हे खरे. पण उत्तर प्रदेशाचा आणि आपला किमान भाव एकच झाला. पूर्वेकडच्या व्यापाऱ्याला उत्तर प्रदेशाची साखर वाहतुकीत स्वस्त पडू लागली. आपल्याला भाव उतरवून वाहतुकीची तूट भरून काढता येईना, कारण किमान भावाखाली विकणे बेकायदा. म्हणजे भावाची वाट बंदच होती.

उरल्या दोन वाटा. पहिली गिऱ्हाईक बदलण्याची, म्हणजे निर्यात. आपल्या राज्याला बंदरे जवळ, तेव्हा पूर्वेकडे आड येणारे अंतर इथे सोयीचे ठरले. दुसरी माल बदलण्याची. बी-हेवी मळीपासून इथेनॉल केले की साखर कमी निघते आणि गोदामावरचा भार हलका होतो.

पण या दोन्ही वाटांची किल्ली सरकारच्या हाती. जून २०२२ पासून निर्यातीवर निर्बंध आले. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन आले, ते पुढे २०२४ मध्ये उठले. म्हणून आसवनीसाठी कर्ज काढताना एक हिशेब जरूर मांडावा : वर्षभर इथेनॉल बंद राहिले, तर हप्ता कशातून जाईल?

येत्या वार्षिक सभेत उताऱ्याबरोबर आणखी दोन आकडे मागा : महिन्याची उचल आणि शिल्लक पोत्यांवरचे व्याज.