कार्ड सेव्ह आहे, पण बटण कोणी दाबलं?

मागच्या आठवड्यात सावेडीहून एका मित्राचा फोन आला. "अरे, ॲप महिन्यापूर्वीच उडवलं, तरी ४९९ रुपये कापले! ओटीपीसुद्धा आला नाही. एरवी त्याच ॲपवर काही घेतलं की दरवेळी ओटीपी मागायचे. कार्ड हॅक झालं का?"

हॅक नव्हतं झालं. प्रश्न एवढाच, की बटण कोणी दाबलं?

तुम्ही ॲप उघडून सेव्ह केलेलं कार्ड निवडता आणि 'पे' दाबता, तेव्हा व्यवहार तुम्ही सुरू केलेला असतो. कार्ड सेव्ह असल्याने फक्त नंबर टाइप करायचा त्रास वाचतो. तुम्ही फोनसमोर आहात, म्हणून बँक ओटीपी मागून खात्री करते.

सबस्क्रिप्शनचं उलट असतं. ठरलेल्या तारखेला कंपनीचा सर्व्हर बँकेकडे पैसे मागतो. तेव्हा तुम्ही झोपलेले असाल, तर ओटीपी टाकणार कोण? म्हणून बँक वेगळा प्रश्न विचारते: या माणसाने आधी परवानगी दिली होती का? त्या परवानगीला ई-मॅन्डेट म्हणतात. ती सुरुवातीला एकदाच, ओटीपी टाकून नोंदवली जाते. पुढच्या प्रत्येक वेळी मॅन्डेट चालू आहे का आणि रक्कम मर्यादेत आहे का, हे तपासलं जातं. शिवाय पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी तुम्हाला सूचना जावी लागते.

रिझर्व्ह बँकेचा हा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून पूर्ण लागू झाला. तेव्हा अनेकांची जुनी ऑटो-पेमेंट अडकली, कारण नव्या पद्धतीने मॅन्डेट नोंदवलेलंच नव्हतं. जून २०२२ पासून १५,००० रुपयांपर्यंत दरवेळी ओटीपी लागत नाही. विमा हप्ता, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाचं बिल यांना डिसेंबर २०२३ पासून ही मर्यादा १ लाख आहे. त्यावरची रक्कम असेल, तर दरवेळी ओटीपी लागतो.

मित्राला मेसेज शोधायला लावले. जाहिरातींच्या ढिगात आदल्या दिवशीचा एसएमएस सापडला: कंपनीचं नाव, रक्कम, तारीख, सगळं होतं. ॲप उडवलं, तरी मॅन्डेट बँकेकडे जिवंतच राहतं. मग त्याने बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या विभागात जाऊन ते रद्द केलं. त्यालाही ओटीपी लागला. आता पुढच्या महिन्याची मागणी बँक नाकारेल.

कापलेले ४९९ मात्र कंपनीकडेच मागावे लागतील, कारण बँकेच्या नोंदीत परवानगी खरी आहे. पण आधी सूचना आलीच नसेल, किंवा रद्द केल्यावरही पैसे गेले असतील, तर बँकेकडे लेखी तक्रार करा. तिथे तुमची बाजू भक्कम असते.

तोवर तुमच्या कार्डावर किती मॅन्डेट चालू आहेत, ते एकदा उघडून बघाच!