गोधडीच्या फोटोखालचे पाच-सहा शब्द

“बाजी, ये फोटू के नीचे दो सतर लिख देव ना,” असे म्हणत ताडकळसच्या बचतगटातील एक भगिनी फोन घेऊन आमच्या घरी आल्या. फोटोत गटाने शिवलेल्या चार गोधड्या ओसरीवर पसरलेल्या होत्या. परभणीला तीन दिवसांचे प्रदर्शन होते आणि गटाला स्टॉल मिळाला होता. मी शाळेत मुलांना निबंध शिकवते. दोन ओळींना किती वेळ लागणार, असे मला वाटले. मी लिहून दिले: “आमच्या महिला भगिनींनी अथक परिश्रमाने तयार केलेल्या सुंदर, आकर्षक हस्तनिर्मित वस्तू. परभणी येथील प्रदर्शनास अवश्य भेट द्या. वेळ सकाळी १० पासून.”

मजकूर बऱ्याच लोकांना गेला. गोधड्या मात्र निम्म्या परत आल्या. नंतर चौकशी केली तेव्हा कळले, की एक कुटुंब रात्री नऊला मैदानावर पोचले. तोपर्यंत कनाती बांधून झाल्या होत्या. दुसऱ्या एक बाई आत फिरल्या, पण पन्नासेक स्टॉलमध्ये आपल्या बायका कुठे बसल्या आहेत हे त्यांना सापडलेच नाही. चूक शिवणाऱ्यांची नव्हती, माझ्या दोन ओळींची होती. एक गोधडी घरकाम सांभाळून शिवायला दोघींना तीन आठवडे लागतात, आणि ती विकायला मिळतात तीन दिवस. पुढच्या प्रदर्शनाला आम्ही चौघी-पाचजणी बसून तोच मजकूर नव्याने लिहिला. त्यातून जे शिकलो ते येथे देते.

पहिली गोष्ट पहिल्या ओळीची. फोनवर मजकूर लांबला की वरच्या काही ओळीच दिसतात, बाकीचे दाबल्यावर उघडते. माझी पहिली ओळ “अथक परिश्रम” आणि “आकर्षक” यातच संपली होती. गोधडी हा शब्दच तीत नव्हता. म्हणून आता पहिल्या ओळीत वस्तूचे नाव, आकार आणि किंमत. सुंदर आहे की नाही ते फोटो सांगतो. पाच फूट बाय सात फूट आहे, हे फोटो सांगू शकत नाही.

दुसरी गोष्ट “हस्तनिर्मित” या शब्दाची. यावर आमची बरीच चर्चा झाली. गोधडीचा धावदोरा सगळा हाताचा होता, पण काठाची पट्टी शिलाई मशीनवर लावलेली होती. वरचे कापड नवे होते आणि आत धुतलेल्या जुन्या सुती साड्यांचे थर होते. एकीचे म्हणणे पडले, “सगळे लिहिले तर कोण घेणार?” पण गिऱ्हाईक गोधडी उलटून पाहतेच. काठावरचा सरळ, एकसारखा मशीनचा टाका त्याला दिसला, की हाताच्या टाक्यांवरही त्याचा विश्वास राहत नाही. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा पाहणारे आणि हा भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे व्यापाऱ्याला विचारणारे हुजूर (स.) यांची हदीस आपल्या घराघरात माहीत आहे. फोटोखालचा मजकूर म्हणजे त्या ढिगाचा वरचा भागच. आम्ही लिहिले: “टाके हाताचे, काठ मशीनचा, आत धुतलेल्या जुन्या सुती साड्या.” गंमत अशी, की “जुन्या साड्या” वाचूनच काही जणी मुद्दाम आल्या. जुनी सुती साडी मऊ असते, हे त्यांना ठाऊक होते.

तिसरी गोष्ट ठिकाणाची. “परभणी येथील प्रदर्शन” हा पत्ता नव्हे. मैदानाचे नाव, कोणत्या फाटकातून आत यायचे, कोणती रांग आणि स्टॉलचा क्रमांक, एवढे हवे. अडचण ही, की क्रमांक बहुधा पहिल्या दिवशी सकाळीच हाती पडतो. त्यामुळे मजकूर दोनदा पाठवायचा: आठवडाभर आधी क्रमांकाशिवाय, आणि मांडणी झाल्यावर क्रमांकासह, स्टॉलच्या समोरून काढलेल्या फोटोबरोबर. प्रदर्शन जितके मोठे, तितकी ही गरज जास्त. ‘उमेद’ अभियानाचे महालक्ष्मी सरस मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात भरते तेव्हा राज्यभरातील गटांचे शेकडो स्टॉल असतात, आणि त्या संकुलात एमएमआरडीएची मैदानेही एकाहून अधिक आहेत. तेथे नुसते “बीकेसी” लिहिणाऱ्या गटाला त्याचे गाववाले नातेवाईकसुद्धा शोधू शकणार नाहीत.

चौथी गोष्ट वेळेची. “१० पासून” लिहिले की “किती वाजेपर्यंत” हा प्रश्न राहतोच. दोन्ही टोके लिहावीत, “सकाळी” आणि “रात्री” हे शब्द घालावेत, तारखेबरोबर वार आणि सालही द्यावे. साल नसेल तर तोच मजकूर पुढच्या वर्षी पुन्हा फिरतो आणि लोक रिकाम्या मैदानावर जातात. शेवटच्या दिवशी आवराआवर लवकर सुरू होते, म्हणून त्या दिवसाची वेळ वेगळी लिहावी. आपल्यात “असरनंतर या” म्हटले की कळते, पण गिऱ्हाईक सगळ्या समाजाचे असते, आणि नमाजची वेळ ऋतूप्रमाणे सरकते. म्हणून घड्याळाचीच वेळ द्यावी. नमाजसाठी मात्र बायकांनी आळीपाळीने उठावे. छापलेल्या वेळेत स्टॉल रिकामा दिसला तर छापलेली वेळ खोटी ठरते.

हाच मजकूर उर्दूतही काढला तेव्हा एक नवी चूक सापडली. मी वेळ “१०-८” अशी आडवी रेघ मारून लिहिली होती. उर्दू उजवीकडून वाचतात, आकडे मात्र डावीकडून. पडद्यावर ती वेळ काहींना “८ ते १०” अशी वाचता आली. तेव्हापासून रेघ बंद, “सुबह १० बजे से रात ८ बजे तक” असे पूर्ण शब्द.

शेवटचे, फोटो पुढे पाठवताना खालचा मजकूर कधी सुटून जातो. म्हणून ठिकाण, तारीख आणि वेळ या तीन गोष्टी फोटोवरही लिहाव्यात. ज्या भगिनींना चेहरा नको असेल त्यांचा टाके घालणारा हात घ्यावा. संपर्काला एखाद्या मुलीचा खाजगी क्रमांक न देता गटाने ठरवलेला एकच क्रमांक द्यावा.

असा मजकूर कसा दिसतो, त्याचा हा नमुना. नावे, तारखा, आकडे आपापले घालावेत:

गोधडी, ५ × ७ फूट, रु. १,८००.
टाके हाताचे, काठ मशीनचा, आत धुतलेल्या जुन्या सुती साड्या.
शिवणार : महिला बचतगट, ताडकळस (ता. पूर्णा).
ठिकाण : परभणी, (मैदानाचे नाव). मुख्य फाटकातून आत, डावी रांग, स्टॉल क्र. २३.
शुक्रवार ९ व शनिवार १० जानेवारी २०२६ : सकाळी १० ते रात्री ८.
रविवार ११ जानेवारी : सकाळी १० ते सायंकाळी ६.
संपर्क : (गटाचा क्रमांक)

यात “अवश्य भेट द्या” नाही, पण भेट द्यायला लागते ते सगळे आहे. दुसऱ्या खेपेला एक गोधडी परत आली. तिचा आकार लिहायचा राहून गेला होता.