आधी खर्च, मग वाटा

मालवणच्या दांडी किनाऱ्यावर सकाळी होडी टेकली की बघ्यांचं लक्ष असतं टोपल्यांकडे. सुरमई आहे की नुसता बांगडा, सरंग्याचा आकार काय, लिलाव कुठवर चढला. होडीवरच्या माणसांची नजर मात्र लिलाव संपल्यावर वहीवर जाते. मासळी किती लाखाची झाली यापेक्षा त्यातून आधी काय काय वजा होणार, यावर त्यांच्या घरातला बाजार ठरतो.

या किनाऱ्यावर गिलनेटच्या होडीवर काम करणाऱ्याला सहसा पगार नसतो, वाटा असतो. वाट्याची रीत गावागणिक आणि जाळ्यागणिक बदलते. सर्जेकोटला एक, देवबागला दुसरी, निवतीला तिसरी असू शकते. पण सांगाडा बहुतेक ठिकाणी सारखाच. विक्रीतून आधी फेरीचा सामाईक खर्च काढायचा. उरेल त्यातला ठरलेला भाग होडी, इंजिन आणि जाळ्याचा, म्हणजे मालकाचा. बाकीचा माणसांचा. माणसांच्या भागात तांडेलाला खलाशापेक्षा जास्त, कारण जाळं कुठे टाकायचं ते तो ठरवतो आणि रिकामं आलं तर बोलणीही तोच खातो.

एक हिशोब मांडून पाहू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, रीत खरी आहे. होडीवर तांडेल आणि चार खलाशी. रात्रीच्या फेरीची मासळी 40,000 रुपयांना गेली. डिझेल लागलं 100 लिटर, 92 रुपयांनी 9,200. बर्फ 1,200. चहा, तांदूळ, पाणी मिळून 600. लिलाव करणाऱ्याची दलाली शेकडा 5 धरली तर 2,000. एकूण खर्च 13,000, उरले 27,000. निम्मे 13,500 होडी-जाळ्याचे. उरलेल्या 13,500 चे सहा वाटे : तांडेलाचे दोन, चार खलाशांचे चार. एक वाटा 2,250 रुपयांचा.

आता तीच होडी, तेवढंच डिझेल, पण मासळी 14,000 चीच. दलाली 700 वर आली, डिझेल, बर्फ आणि रेशन मात्र होतं तितकंच. खर्च 11,700, उरले 2,300. माणसांच्या वाट्याला 1,150, त्यातून खलाशाच्या हाती साधारण 190 रुपये. विक्री घसरली ती पहिल्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या जरा वर राहिली; वाटा मात्र अकराव्या हिश्शाच्याही खाली गेला. खर्च आधी काढला जातो, त्यामुळे वाईट दिवसाचा सगळा भार उरलेल्या थोडक्या पैशांवर पडतो. विक्री 10,000 वर आली की खर्चच 11,500 होतो. मग प्रश्न येतो, हे 1,500 कोणाच्या नावावर? काही मालक ते सोसतात, काही पुढच्या चांगल्या फेरीतून वळते करतात. वाटा पन्नास टक्के की पंचेचाळीस यावर जितकं बोलणं होतं, तितकं या प्रश्नावर हंगामाच्या सुरुवातीला व्हायला हवं. एखादा जुना खलाशी नव्या पोराला बजावतो, “आदी डिझेलचे पैसे बाजूक काड, मगे वाट्याचा बोल,” त्यात हाच हिशोब आहे.

डिझेल लिटरमागे 10 रुपयांनी वाढलं तर वरच्या फेरीचा खर्च 1,000 ने वाढतो. त्यातले 500 मालकाच्या भागातून जातात, 500 माणसांच्या. प्रत्येक वाटा 83 रुपयांनी कमी. म्हणजे खलाशी डिझेलच्या दराचा भागीदार आहे. मग डिझेलवरच्या परताव्याचा भागीदार का नाही? राज्य सरकार यांत्रिक नौकांच्या डिझेलवरच्या कराचा परतावा मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत देतं. तो उशिरा येतो, महिनोन् महिने थकतो, आणि येतो तेव्हा मालकाच्या खात्यात. फेरीच्या दिवशी वजा झालेलं असतं पंपावरच्या पूर्ण दराने. मालक म्हणतो, तोवर पैसे माझे अडकले होते, व्याज कोण देणार? त्यात तथ्य आहे. तरी मला वाटतं, सामाईक खर्चातून डिझेल काढलं तर त्याच्या परताव्याचं काय, हे आधीच ठरलेलं बरं. परतावा येईपर्यंत अर्धे खलाशी होडी बदलून गेलेले असतात.

बर्फाचं गणित वेगळं. तो खर्च दिसतो, पण तो वाचवला की नुकसान उशिरा कळतं. आपल्या हवेत मासळी नीट टिकायची तर ढोबळमानाने एक किलो मासळीला एक किलो बर्फ धरतात. बांगडा फार लवकर खराब होतो. बर्फ कमी पडला तर त्याचं पोट मऊ पडून फुटतं, कल्ल्यांचा लाल रंग तपकिरी होतो, आणि व्यापारी बोटाने दाबून भाव पाडतो. तांडेल कुटलेला बर्फ थराथराने घालायला लावतो तो याचसाठी. 300 रुपयांचा बर्फ वाचवून टोपलीमागे भाव पडला तर तोटा विक्रीतच होतो आणि सगळ्यांच्या वाट्यातून जातो. उलट छोट्या फेरीला उगाच जास्त बर्फ नेला तर तो पाण्यात जातो. काय न्यायचं हा निर्णय तांडेलाचा, म्हणून त्याच्या दुसऱ्या वाट्याबद्दल मला फारसा आक्षेप नाही.

मालकाचा निम्मा भाग बाहेरून मोठा दिसतो. त्यातून इंजिनची दुरुस्ती, जाळी, कर्जाचा हप्ता आणि पावसाळ्यातला रंगकाम-डागडुजीचा खर्च निघायचा असतो. दगडात अडकून किंवा ट्रॉलरखाली सापडून जाळं फाटलं तर एका रात्रीत बऱ्याच फेऱ्यांचा भाग जातो. मालवणकडे छोट्या होडीचा मालक बहुतेकदा स्वतःच तांडेल असतो, म्हणजे वरच्या हिशोबात त्याच्याकडे 13,500 आणि 4,500 मिळून 18,000 जातात. पण किनाऱ्यावर बसून जाळं विणण्यात, सांधण्यात जे तास जातात ते खलाशी देतो आणि ते कुठल्याच वाट्यात लिहिलेले नसतात. माझ्या मते मोठी गळती इथेच आहे.

दुसरी गळती व्यापाऱ्याच्या उचलीची. मालकाने आगाऊ पैसे घेतले असतील तर मासळी त्याच व्यापाऱ्याला, बाजारभावाहून कमी दराने जाते. वाटा तर विक्रीच्या रकमेवर. मालकाचं कर्ज अशा रीतीने खलाशाच्या वाट्यातूनही फिटतं. हे ओळखायचं कसं? शेजारच्या होडीची त्याच दिवशीची, त्याच आकाराची मासळी कुठल्या भावाने गेली ते विचारायचं. फरक एकदा पडला तर लिलावाचा भाग. रोज पडला तर उचलीचा.

रापणीत हा सगळा वाद फार कमी. किनाऱ्यावरून अर्धवर्तुळात जाळं सोडून दोन्ही टोकांना दोरीवर माणसं ओढतात. डिझेल जवळजवळ नाही, बर्फही लागत नाही, कारण मासळी वाळूवरच विकली जाते. वाटा जाळ्याच्या तुकड्यांचा आणि ओढणाऱ्या हातांचा. वजा करायलाच फारसं काही नसल्यामुळे वाटणी उघड्यावर, सगळ्यांसमोर होते. मात्र अशा रापणी कमी झाल्या. पर्ससीनमुळे किनाऱ्याजवळची मासळी तुटते ही तक्रार जुनी आहे, आणि 5 फेब्रुवारी 2016 चा राज्याचा पर्ससीनवर निर्बंध घालणारा आदेश त्याच झगड्यातून आला. मोठ्या नौकांवर पगार आणि वर काही भत्ता असा व्यवहार जास्त. तिथे वाईट फेरीची झळ खलाशाला कमी बसते आणि चांगल्या फेरीचा फायदाही तितकाच कमी.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2007 च्या मासेमारीविषयक करारात म्हटलंय की वाट्यावर काम करणाऱ्याला वाटा किती आणि तो कसा मोजला जाईल हे लेखी मिळालं पाहिजे. आपल्याकडे नात्यातल्या, वाडीतल्या माणसांत कागद मागणं अपमानाचं वाटतं. पण कागद नसला तरी वही असते. त्यात चार गोष्टी रोज लिहिल्या तरी पुरतं : विक्री, डिझेलचे लिटर, बर्फ, आणि खलाशाने मालकाकडून घेतलेली उचल. घरच्या कालवणासाठी काढलेले मासे त्यात कोणी लिहीत नाही, आणि लिहूही नये.

या वहीचा खरा हिशोब मे अखेरीला होतो. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद, त्यामुळे त्याआधी वर्षभराची उचल वाट्यांतून वळती करायची असते. ज्याची उचल फिटली तो नारळी पौर्णिमेनंतर हवी ती होडी धरू शकतो; ज्याची राहिली त्याला त्याच होडीवर जावं लागतं, वाटा कितीही ठरलेला असो.