समोरच्या फ्लॅटची किल्ली

रेमंड कार्व्हर या अमेरिकी लेखकाच्या ‘नेबर्स’ या कथेत शेजाऱ्यांचं भांडण नाही. पाण्यावरून, गाडी लावण्यावरून किंवा जिन्यातल्या चपलांवरून कोणी कोणाला बोलत नाही. उलट कथा सुरू होते ती चांगल्या शेजारधर्माने. स्टोन पतिपत्नी दहा दिवस बाहेरगावी निघालेत, आणि समोर राहणारे मिलर पतिपत्नी त्यांच्या घराकडे बघणार आहेत. मांजरीला खायला घालायचं, झाडांना पाणी द्यायचं, एवढंच काम. निघताना बायका एकमेकींचा निरोप घेतात, पुरुष हात मिळवतात आणि गाडी सुटते. एखाद्या मैत्रीला आतून कशी वाळवी लागते, हे नंतरच्या मोजक्या पानांत कळतं.

बिल मिलर हिशेबनीस आहे, त्याची बायको आर्लिन ऑफिसात सेक्रेटरीचं काम करते. दोघांचं बरं चाललंय. तरी आपल्या ओळखीपाळखीच्या लोकांत आपणच मागे राहिलो, असं त्यांना अधूनमधून वाटतं, आणि हा विषय निघाला की तुलना हटकून समोरच्यांशी होते. जिम आणि हॅरिएट स्टोन बाहेर जेवायला जातात, घरी पाहुण्यांना बोलावतात, जिमच्या कामाच्या निमित्ताने देशभर हिंडतात.

आता जिम कोण? यंत्रांचे सुटे भाग विकणाऱ्या कंपनीतला सेल्समन. कारखानदार नव्हे, वारसाहक्काने श्रीमंत झालेलाही नव्हे. कामाच्या दौऱ्याला सहल जोडून घेता येते, इतकंच त्याचं वैभव. कार्व्हरने दोन्ही घरांतलं अंतर मुद्दाम एवढं कमी ठेवलं आहे, असं मला वाटतं. इमारत एक, मजला एक, मधे फक्त बोळ. टेकडीवरच्या बंगल्याचा माणूस हेवा करत नाही, त्याकडे नुसता बघतो. समोरच्या दाराचं तसं नसतं. तिथलं आयुष्य आपलंही होऊ शकलं असतं, हा विचार मनातून जात नाही. आपल्याकडे एकाच सोसायटीत कोणी उन्हाळ्यात गावी जातं आणि कोणी सिंगापूरला, तेव्हा लिफ्टमधल्या गप्पांत जो किंचित अवघडलेपणा येतो, तो याच जातीचा.

पण हे सगळं कार्व्हर बोलून दाखवत नाही. पगार किती, भाडं किती, याचा एकही आकडा तो देत नाही. तो वस्तू दाखवतो. पहिल्या संध्याकाळी बिल स्टोनच्या घरात शिरतो तेव्हा टीव्हीच्या वर टांगलेलं सूर्याच्या आकाराचं घड्याळ त्याला दिसतं, आणि हॅरिएटने ते घरी आणलं तो दिवस आठवतो. आर्लिनला दाखवायला ती बोळ ओलांडून आली होती आणि तान्ह्या बाळाला घ्यावं तसं ते पितळी घड्याळ कवेत घेऊन त्याच्याशी बोलत होती. या एका आठवणीत दोन्ही घरांचं सगळं नातं आहे. हॅरिएट वाईट नाही. तिला मैत्रिणीला आनंदात सामील करून घ्यायचंय. पण दाखवणारी नेहमी हॅरिएट असते आणि बघणारी आर्लिन, हे हॅरिएटच्या कधी लक्षात आलं असेल असं वाटत नाही.

त्यानंतर बिल जे करतो ते पायरीपायरीने वाढत जातं. तो मांजरीला जेवण देतो, झाडांना पाणी घालतो. मधेच औषधांच्या कपाटातली हॅरिएटच्या नावाची गोळ्यांची बाटली खिशात टाकतो. त्या गोळ्यांचा त्याला काहीएक उपयोग नाही, आणि म्हणूनच ही चोरी अंगावर येते. मग शिवास रीगलची बाटली काढून दोन घोट घेतो, बाहीने तोंड पुसतो आणि बाटली होती तिथे ठेवतो. घरी परतल्यावर बायकोबद्दल त्याला एकाएकी नवी ओढ वाटू लागते. दुसऱ्या दिवशी तो ऑफिसातून लवकर निघतो. समोरच्यांच्या घरात काही वेळ काढला की आपला संसार पुन्हा ताजा वाटतो, ही त्यातली विचित्र गोष्ट. पुढे तो आजारपणाचं कारण सांगून कामावर दांडी मारतो, जिमचे कपडे चढवून बघतो आणि मग हॅरिएटचेही.

कथेतल्या कपडे बदलण्याच्या प्रसंगावरच पुष्कळ वाचक अडतात आणि तिला विकृतीची कथा ठरवतात. माझ्या मते खरा धक्का त्याच्या आधी येतो. स्टोनच्या पलंगावर पडल्या पडल्या बिल ते कधी परतणार हे आठवायचा प्रयत्न करतो, आणि ते परत येतील तरी का, असं त्याला वाटून जातं. त्यांचे चेहरे, त्यांची बोलण्याची ढब, काहीच त्याला आठवत नाही. दोनतीन दिवसांत मित्र पुसले गेले, उरलं ते फक्त त्यांचं सामान.

मग आर्लिनची पाळी. ती बराच वेळ तिकडे काढते आणि लालबुंद गालांनी परतते. एका खणात तिला काही फोटो सापडलेत. मांजरीला खायला घालायचं मात्र राहून गेलं. म्हणजे बिल एकटा बिघडलेला नव्हता, दोघांचीही भूक एकच होती. दोघं मिळून पुन्हा निघतात आणि समोरच्या दाराशी आल्यावर कळतं, की किल्ली आर्लिन आतच विसरली. दार बंद झालंय. कथा तिथेच थांबते.

हे कार्व्हरला सुचलं कसं, ते त्यानेच लिहून ठेवलं आहे. तेल अवीवमध्ये काही दिवस त्याने एका मित्राच्या घराची देखभाल केली होती. कथेत घडतं तसलं काही त्याने केलं नाही, पण फ्रिज आणि दारूचं कपाट उघडून बघितल्याची कबुली तो देतो. त्यानंतर काही काळाने, 1970 च्या सुमारास, कथा लिहिली गेली. पहिला खर्डा जवळपास दुप्पट लांब होता, तो कापत कापत त्याने आजच्या आकाराला आणला. 1971 मध्ये ‘एस्क्वायर’ मासिकात ती छापून आली आणि 1976 मध्ये त्याच्या पहिल्या मोठ्या कथासंग्रहात गेली. हेवा त्याने पुस्तकात वाचून लिहिलेला नाही. वडील लाकूड कापायच्या गिरणीत कामगार, स्वतः ऐन तरुणपणी संसारात अडकलेला, आणि दोनदा, 1967 आणि 1974 मध्ये, दिवाळखोरीचा अर्ज केलेला हा माणूस.

काटछाटीत काय गेलं असेल ते आपल्याला दिसत नाही, पण त्याचा परिणाम दिसतो. बिलला स्वतःची लाज वाटते का, हे कुठेही सांगितलेलं नाही. स्टोन परत आल्यावर काय होतं, तेही नाही. तो हिशेब वाचकालाच करावा लागतो. किल्ली आत राहिली, हे सांगणं सोपं आहे, असं कोणाचंही होतं. बाटलीतल्या दारूची पातळी कदाचित लक्षातही येणार नाही. पण फोटोंचा खण, उपाशी मांजर आणि हॅरिएटच्या गोळ्या? गोळ्या तर पहिल्या संध्याकाळीच बिलच्या खिशात गेल्या आहेत, आणि आता त्या परत ठेवायच्या म्हटलं तरी दार उघडत नाही.